स्टॅक किती खोल गेला?

आर्डुइनो उनोवर प्रोग्रॅम चढवायला घेतला की पडद्याच्या तळाशी, काळ्या पट्टीत, एक वाक्य उमटतं:

```
Global variables use 1212 bytes (59%) of dynamic memory, leaving 836 bytes for local variables. Maximum is 2048 bytes.
```

बहुतेकजण हे वाचतच नाहीत. जे वाचतात ते ५९ टक्के हा आकडा पाहून निर्धास्त होतात. पण ८३६ बाइट उरलेत, एवढंच ते वाक्य सांगतं; ते पुरतील की नाही याबद्दल त्यात चकार शब्द नाही. तो असणारही नाही, कारण प्रोग्रॅम चालू झाल्यावर त्या ८३६ बाइटांत काय काय उलाढाल होणार हे कंपायलरला ठाऊक नसतं. ते शोधून काढायची एक जुनी, साधी आणि बिनखर्चाची युक्ती आहे. तिच्या खुब्या आणि खोड्या दोन्ही समजून घेण्यासारख्या आहेत.

आधी हे ८३६ बाइट कुणाचे ते पाहू. उनो बोर्डावर एटीमेगा ३२८पी ही चिप असते. तिची कामाची मेमरी अवघी २०४८ बाइट. हातातल्या फोनमध्ये याच्या काही लाखपट मेमरी असते, तरी थंडगोदामाचं तापमान नोंदवायला किंवा पंप चालू-बंद करायला ही चिप छान पुरते. या २०४८ बाइटांच्या तळाशी ग्लोबल व्हेरिएबल बसतात. प्रोग्रॅम सुरू झाल्यापासून वीज जाईपर्यंत त्यांची जागा ठरलेली असते, म्हणून कंपायलरला ती बिनचूक मोजता येते: आपल्या उदाहरणात १२१२. त्यांच्या लगेच वर ‘हीप’ असतो, म्हणजे प्रोग्रॅमनं आयत्या वेळी मागून घेतलेली मेमरी. तो वर वाढत जातो. आणि मेमरीच्या पार माथ्यावरून खाली उतरत येतो तो स्टॅक.

प्रोग्रॅम एका फंक्शनमधून दुसऱ्या फंक्शनमध्ये शिरतो तेव्हा परत कुठे यायचं तो पत्ता स्टॅकवर लिहून ठेवावा लागतो. या चिपवर त्याला दोन बाइट लागतात. शिवाय प्रोसेसरच्या रजिस्टरांमधल्या काही किमती जपून ठेवायच्या असतात आणि नव्या फंक्शनची स्वतःची व्हेरिएबलही तिथेच मांडायची असतात. त्या फंक्शननं तिसऱ्याला हाक मारली की त्याचा संसार आणखी खाली. काम संपवून फंक्शन परतलं की जागा मोकळी होते.

मोकळी होते, पण साफ होत नाही. या बारीकशा गोष्टीवरच पुढचं सगळं उभं आहे. जागा सोडताना प्रोसेसर फक्त ‘स्टॅक इथपर्यंत आहे’ असं दाखवणारा आकडा, म्हणजे स्टॅक पॉइंटर, वर सरकवतो. लिहिलेलं पुसायच्या भानगडीत तो पडत नाही, कारण त्यात वेळ जातो आणि तशी गरजही नसते. त्यामुळे स्टॅक जिथवर उतरून गेला, तिथवर त्याचे अवशेष पडून राहतात. पूर ओसरल्यावर भिंतीवर गाळाची रेघ राहते, तसंच. इंग्रजीतही या मापाला ‘हाय वॉटर मार्क’च म्हणतात.

फक्त ती रेघ दिसायला हवी. चिपला वीज मिळते तेव्हा मेमरीत काहीबाही भरलेलं असतं. कुठला बाइट स्टॅकनं लिहिला आणि कुठला मुळातलाच कचरा, हे ओळखता येत नाही. म्हणून प्रोग्रॅमचं खरं काम सुरू होण्याआधी सगळी मोकळी मेमरी एकाच ओळखीच्या किमतीनं भरून टाकायची. एव्हीआर चिपांवर काम करणारे बरेचजण त्यासाठी 0xC5 वापरतात. मग प्रोग्रॅम मनसोक्त चालू द्यायचा, आणि नंतर किती C5 शाबूत राहिले ते मोजायचं. यालाच धंद्यात ‘स्टॅक पेंटिंग’ म्हणतात.

C5च का? शून्य का नको? कारण प्रोग्रॅम स्वतःच शून्य फार वेळा लिहितो. व्हेरिएबल शून्यावर आणणं, अक्षरमालेच्या शेवटी शून्य ठेवणं, अॅरे पुसून घेणं हे सतत चाललेलं असतं. स्टॅकनं लिहिलेलं शून्य आणि आपण भरलेलं शून्य यांत फरक कसा करणार? FFचीही तीच गत. जी किंमत सहसा कुणी लिहीत नाही अशी निवडायची, एवढाच नियम. गंमत म्हणजे लिनक्सचं कर्नल स्वतःच्या स्टॅकचा वापर मोजताना शून्यच पाहतं. तिथे नव्या स्टॅकमध्ये शून्य भरलेलं असतं आणि ते आठ-आठ बाइटांचे घास घेऊन तपासलं जातं, म्हणून निभावतं. दोन किलोबाइटच्या चिपवर मात्र मी हा प्रयोग करणार नाही.

रंगकाम कधी करायचं यालाही महत्त्व आहे. भरणारं फंक्शन स्वतःही स्टॅकवरच उभं असतं, त्यामुळे बेसावधपणे भरत गेलं तर ते आपलाच परतीचा पत्ता C5नं झाकून टाकेल आणि मग परतणार कुठे? यावर एव्हीआरच्या कंपायलरमध्ये चांगली सोय आहे. `main` सुरू होण्याआधी चिपची जुळवाजुळव करणारा जो कोड चालतो त्याचे `.init0`, `.init1` असे टप्पे असतात. `.init1`मध्ये स्टॅकचा वापर सुरूच झालेला नसतो. तिथे चार-दोन असेंब्ली सूचनांत अख्खी मोकळी मेमरी भरता येते. ते जमत नसेल तर `setup`च्या पहिल्याच ओळीत, स्टॅक पॉइंटरच्या थोडं खालपर्यंतच भरायचं. तेही चालतं.

आता प्रत्यक्ष मोजू. समजा आपण एक नोंदयंत्र बनवलं आहे. दर मिनिटाला तापमान वाचायचं, एसडी कार्डावर एक ओळ लिहायची आणि मध्यरात्री दिवसभराचा गोषवारा लिहून नवी फाईल उघडायची. एसडीची लायब्ररी कार्डाच्या एका ब्लॉकसाठी ५१२ बाइटांचा साठा ग्लोबलमध्येच राखते, म्हणून ग्लोबलचा आकडा १२१२ वर गेला आहे. बोर्ड दहा मिनिटं चालू दिला आणि मेमरीचा एक तुकडा छापून पाहिला, तर असं काहीसं दिसेल:

```
07B0  C5 C5 C5 C5 C5 C5 C5 C5 C5 C5 C5 C5 C5 C5 C5 C5
07C0  C5 C5 C5 C5 C5 C5 C5 C5 C5 C5 C5 C5 C5 C5 3A 06
07D0  00 1F C5 12 08 E1 03 5C 00 00 41 02 C5 C5 77 01
```

डावीकडे पत्ता, पुढे सोळा बाइट. दुसऱ्या ओळीच्या शेवटून दुसऱ्या बाइटापाशी, म्हणजे `07CE` या पत्त्यावर, रंग संपतो. स्टॅकनं गाठलेला सर्वांत खोल ठिकाणा तो हाच. मेमरीचा माथा `08FF`वर आहे, म्हणजे स्टॅकनं आतापर्यंत जास्तीत जास्त ३०६ बाइट वापरले. तिसऱ्या ओळीत मधूनच डोकावणारे C5 पाहिलेत? ती स्टॅकमधली भोकं आहेत. एखाद्या फंक्शननं जागा घेतली, पण तिच्यात काही लिहिलंच नाही, म्हणून जुना रंग तसाच राहिला. मोजताना ही भोकं फसवू शकतात.

त्याहून मोठी फसगत दुसऱ्या टोकाला आहे. सरळ विचार असा की ग्लोबल जिथे संपतात, `_end`पासून, वर मोजत जायचं आणि C5 नसलेला पहिला बाइट लागला की थांबायचं. जिथे हीप वापरलेला नाही तिथे हे झकास चालतं. पण आपल्या नोंदयंत्रात उत्तर येईल शून्य! एसडी लायब्ररी फाईल उघडताना हीपमधून थोडी जागा मागते, हीप सुरू होतो तो `_end`पासूनच, आणि त्यामुळे पहिल्याच पावलाला रंग उडालेला सापडतो. सगळी मेमरी संपली असं समजून माणूस हवालदिल व्हायचा. हीपचं आत्ताचं टोक पाहून तिथून मोजावं, तर फाईल बंद झाल्यावर हीप आक्रसतो आणि त्याचेही अवशेष मागे राहतात. म्हणून मला पसंत आहे ती वेगळी रीत: मधल्या पट्ट्यात C5ची सर्वांत लांब सलग रांग कुठली, तेवढीच मोजायची.

```c
extern uint8_t _end;
extern uint8_t __stack;

uint16_t longest_run(void) {
  uint16_t n = 0, best = 0;
  for (const uint8_t *p = &_end; p <= &__stack; p++) {
    n = (*p == 0xC5) ? n + 1 : 0;
    if (n > best) best = n;
  }
  return best;
}
```

हीपचं टोक कुठेही असो, दोघांच्या मध्ये कधीच न शिवलेली जी जागा उरली ती या आकड्यात येते. वरच्या उदाहरणात हीपनं तळाचे ६० बाइट घेतले असतील तर उत्तर येईल ४७०. साठ, चारशे सत्तर आणि तीनशे सहा यांची बेरीज बरोबर ८३६. एवढं फिरून मोजायला चिपला एक मिलिसेकंदही लागत नाही, त्यामुळे हा आकडा दर तासाला छापला तरी बिघडत नाही.

४७० बाइट शिल्लक, म्हणजे निम्म्याहून जास्त. इथे थांबायचा मोह होतो आणि इथेच थांबू नये. कारण या युक्तीला फक्त घडून गेलेलं कळतं. दहा मिनिटांत मध्यरात्र झाली नाही, कार्ड कुणी उपसलं नाही, सेन्सरची वायर सुटली नाही. त्या प्रसंगांसाठी लिहिलेला कोड अजून एकदाही चाललेला नाही, मग त्याची खूण स्टॅकवर कुठून येणार?

बोर्ड रात्रभर चालू ठेवला. सकाळी आकडा ३२२. मध्यरात्री गोषवारा लिहिणारं फंक्शन चाललं, त्यानं ओळ जुळवायला स्वतःचा अक्षरांचा अॅरे घेतला, त्याच्या पोटातून नवी फाईल उघडणारी लायब्ररीची फंक्शनं एकाखाली एक गेली, आणि स्टॅक १४८ बाइटांनी आणखी खाली उतरला. हेही ठीकच. मग नोंद चालू असताना मुद्दाम कार्ड उपसलं. चूक कळवणारा कोड जागा झाला. त्यात संदेश जुळवायला १६० अक्षरांचा अॅरे, त्याच्या पोटात `snprintf`, शिवाय कार्डाशी पुन्हा बोलणी करायचा प्रयत्न. आता आकडा आला ४०.

चाळीस बाइट! प्रोग्रॅम अजून ठणठणीत चालतो आहे, बाहेरून पाहणाऱ्याला काहीही दिसत नाही. पण इंटरप्ट नावाची चीज आहे. सिरियल पोर्टवर अक्षर आलं किंवा घड्याळाचा ठोका पडला की चिप हातातलं काम जिथल्या तिथे टाकून तिकडे धावते, आणि एव्हीआरमध्ये ती धाव त्याच स्टॅकवरून होते. इंटरप्टच्या फंक्शननं आतून दुसरं फंक्शन बोलावलं असेल तर परतीचे दोन बाइट आणि जपून ठेवायची पंधरा रजिस्टरं धरून सतरा बाइट तर दारातच जातात, पुढचं वेगळं. हा ठोका नेमका स्टॅक सर्वांत खोल असतानाच पडेल असं नाही. आज पडला नाही, उद्या पडेल. चाळीसमध्ये तो मावेलही. पण पुढच्या महिन्यात कुणी संदेशाचा अॅरे १६० वरून २०० केला की मावणार नाही.

आणि मावला नाही तर? आपल्या संगणकावर प्रोग्रॅमचा स्टॅक हद्द ओलांडू लागला की ऑपरेटिंग सिस्टीम त्याला जागीच ठार करते, निदान गुन्हा कुठे घडला ते कळतं. उनोवर असा पहारेकरी कुणी नाही. स्टॅक मुकाट्यानं हीपमध्ये शिरतो, तिथून ग्लोबल व्हेरिएबलांमध्ये. आपल्या नोंदयंत्रात त्याच्या वाटेत कार्डाचा तो ५१२ बाइटांचा साठा येऊ शकतो. मग स्टॅकवरचे परतीचे पत्ते आणि रजिस्टरांच्या किमती तापमानाच्या नोंदी म्हणून कार्डावर लिहिल्या जातात, किंवा फाईलींची यादीच बिघडते. आठवड्यानं कुणीतरी कार्ड काढून संगणकाला लावतो, फाईल उघडत नाही, आणि सगळे म्हणतात, कार्ड खराब निघालं. नवं कार्ड घेतात. तेही महिन्याभरात ‘खराब’ होतं. स्टॅक फुटल्याची ही खास लक्षणं: बिघाड एकीकडे, कारण भलतीकडे, एखादी ओळ वाढवली की लक्षण बदलतं, आणि तपासायला म्हणून छापायची ओळ घातली तर दुखणंच गायब होतं.

चाळीसचा आकडा हातात असला की उपाय शोधणं मात्र सोपं जातं. या चिपवर प्रोग्रॅम आणि मेमरी वेगवेगळ्या जागी असतात, त्यामुळे `Serial.println("Card error")` असं लिहिलं की ते शब्द सुरुवातीलाच मेमरीत उतरवले जातात आणि कायमची जागा अडवून बसतात. तेच `Serial.println(F("Card error"))` असं लिहिलं तर ते फ्लॅशमध्येच राहतात. अशा संदेशांचे ३०० बाइट वाचले तर ग्लोबल १२१२ वरून ९१२ वर येतील आणि कार्ड उपसण्याची तीच परीक्षा पुन्हा दिली की शिल्लक दिसेल ३४०. एकूण ११३६ बाइटांच्या पट्ट्यात साधारण तीस टक्के. एवढी ऐस असली की मला झोप लागते.

आतापर्यंत एकच स्टॅक होता. जरा मोठ्या यंत्रांत अनेक असतात. फ्रीआरटीओएस ही छोट्या चिपांसाठीची लोकप्रिय, फुकट मिळणारी व्यवस्था आहे. तिच्यात प्रत्येक कामाला, त्यांच्या भाषेत ‘टास्क’ला, स्वतःचा वेगळा स्टॅक मिळतो, आणि तो किती मोठा हे प्रोग्रॅमरनं आधीच सांगावं लागतं. रंगकाम इथे आयतंच मिळतं: मोजणी किंवा तपासणी चालू ठेवली असेल तर टास्क तयार करताना तिचा स्टॅक 0xA5नं भरला जातो. `uxTaskGetStackHighWaterMark` विचारलं की शिल्लक कमीत कमी किती राहिली होती ते कळतं. एक सावधगिरी हवी. हा आकडा बाइटांत नसून शब्दांत येतो. ३२ बिटांच्या चिपवर एक शब्द म्हणजे चार बाइट. ईएसपी३२च्या आवृत्तीत मात्र तोच आकडा बाइटांत येतो. एका बोर्डावरून दुसऱ्यावर कोड नेताना ही चौपट गफलत सहज होते, आणि तीही दोन्ही दिशांनी.

फ्रीआरटीओएस याच रंगाचा दुसरा उपयोगही करते. `configCHECK_FOR_STACK_OVERFLOW`ची किंमत २ ठेवली की एका टास्ककडून दुसरीकडे वळताना, आधीच्या टास्कच्या स्टॅकच्या टोकाकडचे १६ बाइट अजून A5च आहेत का ते तपासलं जातं. बिघडलेले दिसले की `vApplicationStackOverflowHook` हे आपण लिहिलेलं फंक्शन बोलावलं जातं. त्यात यंत्र सुरक्षितपणे थांबवायचं. आधी होता तो अंदाज, आता झाला पहारा. त्याच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. तपासणी टास्क बदलतानाच होते, म्हणजे चोरी झाल्यावर. आणि एखाद्या फंक्शननं ४०० बाइटांचा अॅरे घेतला, पण त्याचा टोकाकडचा भाग लिहिलाच नाही, तर स्टॅक त्या १६ बाइटांवरून उडी मारून शेजारच्या मेमरीत उतरतो आणि A5 जिथल्या तिथे शाबूत. ज्यांना या उडीची चिंता आहे त्यांनी हार्डवेअरचा पहारा घ्यावा. एआरएमच्या कॉर्टेक्स-एम३३ सारख्या नव्या प्रोसेसरांत स्टॅकच्या हद्दीसाठी स्वतंत्र रजिस्टरं आहेत. हद्द ओलांडायचा प्रयत्न होताच ती चिपच प्रोग्रॅमला अडवते.

मग चालवून मोजण्यापेक्षा कागदावरच हिशेब का करू नये? करावाच. जीसीसी कंपायलरला `-fstack-usage` सांगितलं की प्रत्येक फंक्शनला किती स्टॅक लागतो त्याची यादी तो देतो. कोण कुणाला बोलावतं याचा आराखडा काढून सर्वांत खोल वाट शोधली की वरची मर्यादा मिळते. अडचण येते ती कोण कुणाला बोलावतं हे कोड वाचून ठरत नसेल तिथे: फंक्शनचा पत्ता व्हेरिएबलमध्ये ठेवून मारलेल्या हाका, स्वतःलाच हाक मारणारी फंक्शनं, इंटरप्ट. यातलं काही सुटलं की कागदावरचा आकडा खऱ्यापेक्षा लहान निघतो.

याची सर्वांत गाजलेली चर्चा एका न्यायालयात झाली. २००७ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात २००५ सालची टोयोटा कॅम्री आपोआप वेग घेऊन आदळली, गाडीतल्या एका बाईंचा जीव गेला, असा दावा होता. २०१३ मध्ये खटला उभा राहिला तेव्हा फिर्यादींच्या बाजूनं मायकेल बार या तज्ज्ञानं गाडीच्या इंजिन नियंत्रकातलं सॉफ्टवेअर तपासून साक्ष दिली. स्टॅकचा वापर ४१ टक्केच आहे असं कंपनीचं म्हणणं होतं. बार यांच्या हिशेबानं तो ९४ टक्क्यांवर जात होता, आणि स्वतःलाच हाक मारणाऱ्या फंक्शनांचा वापर त्यात धरलेलाच नव्हता. ज्यूरीनं कंपनीला जबाबदार धरलं. स्टॅक फुटूनच तो अपघात झाला असं यातून सिद्ध होत नाही. बार यांच्या साक्षीत इतरही अनेक दोष होते, आणि त्याआधी नासाच्या तज्ज्ञांनी केलेल्या तपासणीत बेभान वेगाचं इलेक्ट्रॉनिक कारण सापडलं नव्हतं. पण एकाच कोडबद्दल एकानं ४१ म्हणावं आणि दुसऱ्यानं ९४, यावरून कागदी हिशेबात काय काय सुटू शकतं ते दिसतं.

माझ्या मते दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत. रंगानं मोजलेला आकडा म्हणजे ‘निदान एवढा तरी लागतोच’. कागदावरचा म्हणजे, सगळं धरलं असेल तर, ‘याहून जास्त लागणार नाही’. दोन्ही जवळजवळ असले तर निश्चिंत व्हावं. रंगाचा आकडा कागदाच्या आकड्यापेक्षा मोठा निघाला तर कागदावर काहीतरी नक्की सुटलं आहे. आणि तो फारच लहान असेल तर परीक्षा अर्धवट झाली आहे, कोडमधल्या कुठल्या तरी वाटेवर अजून पाऊलच पडलेलं नाही.

तेव्हा बोर्ड डब्यात बंद करण्याआधी कार्ड उपसून पाहा, सेन्सरची वायर ओढा, घड्याळ पुढे करून मध्यरात्र आणा, सिरियल पोर्टवर अक्षरांचा मारा करा, आणि मगच शिल्लक वाचा. त्यानंतरही तो आकडा रोजच्या नोंदीत एकदा लिहीत चला. त्याला दोनच बाइट लागतात.